अकरा टक्के फ्लॅट की चौदा टक्के रिड्युसिंग? दुचाकीच्या कर्जाचा तक्ता वाचताना या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि पाडव्याचा आठवडा, या काळात चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाडी पसंत होते, रंग ठरतो, मग बाजूच्या टेबलावर बसलेला फायनान्सचा माणूस म्हणतो, "आमच्याकडे अकरा टक्केच आहे, बँकेत गेलात तर चौदा सांगतील." अकरा हा आकडा चौदापेक्षा लहान, त्यामुळे सही होते. पण इथे अकरा आणि चौदा वेगवेगळ्या मापाने मोजलेले आहेत, आणि स्वस्त कर्ज चौदाचं आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. स्कूटरची ऑन-रोड किंमत १,१०,००० रुपये, डाउन पेमेंट २०,००० आणि कर्ज ९०,०००. मुदत ३६ महिने.

पहिली चूक: नुसते टक्के बघून दोन कर्जांची तुलना करणे

फ्लॅट दरात व्याज एकदाच काढतात, तेही पूर्ण मुद्दलावर, पूर्ण मुदतीसाठी. ९०,००० वर ११ टक्क्यांनी वर्षाचे ९,९००, तीन वर्षांचे २९,७००. ते मुद्दलात मिळवले की १,१९,७००. त्याला ३६ ने भागलं की हप्ता ३,३२५ रुपये. हिशेब तोंडी करता येतो, म्हणून तो सरळ वाटतो.

पण तुम्ही दर महिन्याला हप्ता भरता, म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे फायनान्स कंपनीचे जेमतेम सव्वातीन हजार रुपये उरलेले असतात. फ्लॅटच्या हिशेबात मात्र त्या महिन्याचंही व्याज ८२५ रुपयेच, जणू पूर्ण ९०,००० अजून तुमच्याच खिशात आहेत.

रिड्युसिंग म्हणजे घटत्या शिल्लकीवरच्या दरात त्या-त्या महिन्याला जेवढं मुद्दल बाकी आहे, तेवढ्यावरच व्याज लागतं. बँकेच्या १४ टक्के रिड्युसिंगने ९०,००० चा ३६ महिन्यांचा हप्ता येतो ३,०७६ रुपये. तीन वर्षांत एकूण व्याज सुमारे २०,७३६. अकरावाल्या कर्जात ते २९,७०० होतं. महिन्याला २४९ आणि तीन वर्षांत जवळजवळ नऊ हजार रुपये जास्त जातात, तेही "स्वस्त" कर्जात.

मग ११ टक्के फ्लॅटला बँकेच्या मापाने किती म्हणायचं? १९.५७ टक्के. तीन वर्षांच्या मुदतीला फ्लॅट दराची साधारण पावणेदोन ते एक पूर्णांक आठपट धरली की खरा दर जवळपास कळतो. शोरूममध्ये उभ्या उभ्या एवढा अंदाज पुरतो. सही करण्यापूर्वी मात्र नेमका आकडा काढा. मोबाईलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(36,-3325,90000)*12
```

उत्तर 0.1957 येईल. पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता (आधी उणे चिन्ह विसरू नका, नाहीतर चूक दाखवेल), तिसरा कर्जाची रक्कम. आपल्या कर्जाचे तीन आकडे बदलले की झालं.

दुसरी चूक: तक्त्याचा फक्त शेवटचा रकाना बघणे

हप्त्यांचा तक्ता हातात आला की बहुतेक जण हप्ता आणि शेवटची तारीख बघून कागद घडी घालून ठेवतात. खरं गुपित व्याजाच्या रकान्यात आहे, आणि त्यासाठी कॅल्क्युलेटरवर फक्त दोन क्रिया कराव्या लागतात.

कोणत्याही एका ओळीतलं व्याज घ्या, त्याला १२ ने गुणा आणि त्या महिन्याच्या सुरुवातीच्या शिल्लक मुद्दलाने भागा. आपल्या उदाहरणात पहिल्या ओळीत व्याज १,४६८, मुद्दलात गेले १,८५७ आणि शिल्लक ८८,१४३ असं दिसेल. दुसऱ्या ओळीत व्याज १,४३७. १,४३७ गुणिले १२ म्हणजे १७,२४४, भागिले ८८,१४३, म्हणजे साधारण १९.६ टक्के. तोंडाने अकरा सांगितलं आणि कागदावर साडेएकोणीस निघालं, तर सांगितलेला दर फ्लॅट होता, एवढं पक्कं.

हे पहिल्या ओळीवर करू नका, दुसरी किंवा तिसरी घ्या. गाडी २० तारखेला उचलली आणि हप्ता पुढच्या महिन्याच्या ५ ला नसून त्याच्याही पुढच्या महिन्याच्या ५ ला सुरू झाला, तर पहिल्या ओळीत पंचेचाळीस दिवसांचं व्याज बसतं आणि दर उगाच फुगलेला दिसतो.

काही ठिकाणी, विशेषतः लहान फायनान्सवाल्यांकडे, तक्ता वेगळ्या तऱ्हेने छापलेला असतो. प्रत्येक ओळीत व्याज ८२५ आणि मुद्दल २,५००, छत्तीसच्या छत्तीस ओळी सारख्या. व्याजाचा रकाना वरून खाली घटत नसेल तर तो फ्लॅटचाच हिशेब आहे. अशा तक्त्यात पहिल्या ओळीवरून ११ टक्केच निघतील आणि माणूस फसेल. शेवटची ओळ घेऊन बघा: २,५०० शिल्लकीवर ८२५ व्याज, म्हणजे वर्षाचे ३९६ टक्के! दर इतका वर चढत जातो, कारण मुद्दल घटलं तरी व्याज घटलेलं नाही. अशा तक्त्यावर ओळीचा हिशेब सोडून द्या आणि वरचं सूत्रच वापरा.

तिसरी चूक: हातात किती आले ते न मोजणे

कर्जाची रक्कम ९०,००० लिहिलेली असते, पण त्यातून प्रोसेसिंग फी, तिच्यावरचा जीएसटी, स्टॅम्प, कागदपत्रांचा खर्च वळता होतो. समजा असे ३,००० गेले. गाडीसाठी वापरले गेले ८७,०००, हप्ता मात्र ९०,००० चाच. सूत्रात 90000 च्या जागी 87000 टाका, दर २२ टक्क्यांवर जातो.

"पहिला हप्ता आगाऊ" हाही असाच वाटतो तेवढा साधा नाही. गाडी उचलतानाच ३,३२५ दिले म्हणजे तुम्हाला खरे मिळाले ८६,६७५ आणि फेडायचे राहिले ३५ हप्ते. बाकी काहीही कापलं नाही तरी १९.५७ चा दर त्यामुळे २०.८ टक्के होतो. आगाऊ हप्ता देण्याऐवजी तेवढीच रक्कम डाउन पेमेंटमध्ये वाढवून मागा. मुद्दल कमी होईल आणि हप्ताही.

सगळ्यात जास्त रक्कम मात्र कर्जाच्या आकड्यातच लपते. कर्ज-सुरक्षा विमा, जादा वॉरंटी, सीट कव्हर, क्रॅश गार्ड हे सगळं बिलात न दाखवता कर्जात घातलेलं असू शकतं. ऑन-रोड किंमत वजा डाउन पेमेंट केल्यावर जी रक्कम येते ती आणि तक्त्यावरची कर्जाची रक्कम जुळली पाहिजे. आपल्या उदाहरणात ९०,००० ऐवजी ९४,५०० लिहिलं असेल, तर ते साडेचार हजार कशाचे, हे सहीच्या आधी विचारा. गाडीचा विमा कायद्याने लागतोच. कर्ज-सुरक्षा विम्याचं तसं नाही.

चौथी चूक: केएफएस न मागणे

या सगळ्याचं उत्तर एका कागदावर छापलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासोबत 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज आणि कर्ज देणाऱ्याने लावलेले शुल्क धरून वर्षाला खरा किती टक्के पडतो, तो हा दर. दोन ठिकाणची कर्जं तोलायची तर एपीआर शेजारी ठेवून तोला, तोंडी सांगितलेले टक्के सोडून द्या.

केएफएस तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवा, म्हणून मराठीत मागा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी तो किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतो. म्हणजे "आज सही केली तरच हा दर" या घाईला काही आधार नाही. कागद घरी न्या, सूत्र टाकून बघा, दुसऱ्या दिवशी या. केएफएसमध्ये न दाखवलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही, त्यामुळे हा कागद जपून ठेवा.

पाचवी चूक: आंब्याच्या पैशात कर्ज मिटवताना मनातला हिशेब धरणे

कोकणात पैसा हंगामाने येतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याचा, मे आणि गणपतीत पर्यटकांचा आणि चाकरमान्यांचा. त्यामुळे दीड वर्षाने एकरकमी रक्कम हाती आली की कर्ज मिटवावंसं वाटतं. मनातला हिशेब असतो: अर्धे हप्ते भरले, म्हणजे अर्धं मुद्दल, ४५,००० बाकी. कार्यालयात गेल्यावर आकडा निघतो ५१,५०६, आणि भांडण होतं.

इथे तक्ता खोटा नसतो. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. १८ हप्त्यांत भरले ५९,८५०, त्यातले २१,३५६ व्याजात गेले आणि मुद्दलातून फक्त ३८,४९४ उतरले. राहिलेल्या १८ हप्त्यांत व्याज उरलंय अवघं ८,३४४. लवकर मिटवून वाचणार ते जास्तीत जास्त एवढेच. त्यातून मुदतपूर्व फेडीचं शुल्क जातं. ते केएफएसमध्ये उदाहरणार्थ ४ टक्के असेल, तर जीएसटीसह २,४३१ होतं आणि हातात राहतात ५,९०० च्या आसपास. दुचाकीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, म्हणून हे शुल्क लागू शकतं. मिटवायचंच असेल तर पहिल्याच हंगामात मिटवा, फायदा तिथे आहे. मात्र पहिल्या सहा किंवा बारा महिन्यांत फेड करता येणार नाही अशी अट आहे का, ते आधी वाचा.

ज्यांच्याकडे प्रत्येक ओळीत ८२५-२,५०० चा तक्ता आहे, त्यांनी सहीपूर्वी एकच प्रश्न लेखी विचारावा: मध्येच मिटवलं तर राहिलेल्या महिन्यांचं व्याज सोडणार का? काही जण सगळं मागतात. मग लवकर फेडून काहीच वाचत नाही.

मच्छीमार घरांसाठी आणखी एक गोष्ट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, आणि बाउन्सचे पैसे आपली बँकही घेते, फायनान्सवालाही. त्या दोन महिन्यांचे ६,६५० रुपये मे अखेरीस त्याच खात्यात वेगळे ठेवा, आणि हप्त्याची तारीख निवडायची मुभा असेल तर घरात पैसे येतात त्यानंतरची निवडा.