चेहरा बदललेल्या फोटोची कॅप्शन: या चुका टाळा

मी डोंगराच्या टोकावर उभा असलेला माझाच एक फोटो घेतला, माझ्या चेहऱ्याच्या जागी मित्राचा चेहरा बसवला आणि खाली लिहिलं: ‘शेवटी गडी पोहोचलाच! 😜’ अर्ध्या तासात त्याला अभिनंदनाचे फोन सुरू झाले. त्याने तो डोंगर पायथ्यापासूनही पाहिलेला नाही. दिवसभर बिचारा खुलासे करत बसला.

पहिली चूक तिथेच झाली. डोळा मारणारी इमोजी म्हणजे ‘हा फोटो खरा नाही’ असं कुणी वाचत नाही. खरोखर चढून गेलेला माणूसही तीच इमोजी टाकेल. ‘एडिट केलेला’ हे शब्दच लागतात, आणि तेही सुरुवातीला. लांब कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’च्या मागे जातं, शेवटच्या हॅशटॅगमध्ये दडवलेला खुलासा बहुतेकांच्या नजरेलाच पडत नाही.

नुसतं ‘एडिट’ म्हटलं तरी अर्धवटच राहतं. रंग उजळले तरी लोक त्याला एडिटच म्हणतात. काय बदललं ते सांगा: धड कुणाचं, चेहरा कुणाचा.

दुसरी चूक मला उशिरा कळली. मी आधी लिहिलं होतं, ‘दोन जिने चढताना धापा टाकणारा आज शिखरावर!’ ते खोडलं, कारण त्यात हसू फोटोचं नव्हतं, त्याच्या दमाचं होतं. वजन, रंग, टक्कल, आजार यांवरच्या ओळींचंही तेच. मी एक साधी परीक्षा करतो: फोटो झाकून नुसती ओळ त्याच्यासमोर मोठ्याने वाचता येईल का? जीभ अडखळली की ओळ बदलायची. टोमणा मारायचाच असेल तर स्वतःला मारावा, ते सगळ्यात सोपं.

शेवटी कॅप्शन अशी झाली:

‘एडिट केलेला फोटो: धड माझं, चेहरा मित्राचा. चढलो मी, पण फोटोत हसायला तोच बरा दिसतो. त्याला दाखवून, विचारूनच टाकलाय.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. तो ‘नको’ म्हणाला तर फोटो टाकायचाच नाही. कॅप्शन कितीही गोड असली तरी.

एक गोष्ट मात्र कॅप्शनच्या हाताबाहेरची आहे. कुणी स्क्रीनशॉट काढला किंवा फोटो उतरवून पुढे पाठवला की कॅप्शन मागेच राहते. म्हणून फोटोवरही ‘एडिट: चेहरा बदललेला’ असं ठळक लिहा. कोपऱ्यात नको, तो कापायला सोपा. छातीवर किंवा खांद्याजवळ लिहा.

आणि फोटो आधीच गेला असेल, लोकांनी खरा मानला असेल, तर खाली प्रतिक्रियेत ‘अरे, गंमत होती’ लिहून भागत नाही. नवीन माणूस आधी कॅप्शन वाचतो. तीच दुरुस्त करा. ग्रुपवर पाठवला असेल तर तो काढून, शिक्का मारलेला फोटो पुन्हा पाठवा. मी हे केलं तेव्हा कुठे मित्राचे फोन थांबले.