मऊ स्क्रॅम्बल्ड एग आणि ऑम्लेट: बटरच्या फेसावरून आच ओळखा

भुर्जी करताना तवा चांगला तापवायचा आणि अंडं मोकळं होईपर्यंत परतायचं, ही आपल्या हाताची सवय. भुर्जीला ती शोभतेही. पण मऊ, ओलसर स्क्रॅम्बल्ड एग करायचं तर याच सवयीने घात होतो. फेटलेलं अंडं साधारण ७० अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे घट्ट होतं. तिथून आणखी तापलं की त्यातली प्रथिनं आवळत जातात आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर पडतं. ताटलीत अंड्याभोवती पाण्याचं तळं दिसलं, तर अंडं जास्त शिजलंय हे नक्की.

तीन अंडी, अर्धा मोठा चमचा बटर आणि साधारण २० सेंटीमीटरचा नॉनस्टिक पॅन घ्या. पॅन फार मोठा असेल तर अंड्याचा थर पातळ पसरतो आणि बघता बघता सुकतो. अंड्यात दोन चिमूट मीठ घालून पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंत फेटा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. आधी घातलेल्या मिठामुळे शिजताना अंडं पाणी धरून ठेवतं. बटर खारं असेल तर एकच चिमूट पुरे. दूध मी घालत नाही. चमचाभर चालेल, पण जास्त झालं तर ते पाणी होऊन सुटतं आणि अंड्याची चवही पातळ होते.

आता बटरकडे बघा. बटरमध्ये थोडं पाणी असतं, ते उकळून निघताना फेस येतो. पाणी आहे तोवर बटर १०० अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून फेस बघून आच कळते. स्क्रॅम्बल्ड एगसाठी मंद आचेवर बटर वितळून कडेला जेमतेम फेस धरू लागला की अंडं ओता. चर्र आवाज यायला नको. बटर तपकिरी झालं तर पॅन उतरवा, पुसा आणि नवं बटर घ्या. साजूक तुपात किंवा तेलात पाणी नसतं, त्यामुळे असा फेस दिसत नाही. तिथे अंड्याचा एक थेंब टाकून बघा. तो सावकाश पांढरट झाला तर आच बरोबर, लगेच फुगून तडतडला तर पॅन जास्त तापलाय. चवीला मला बटरच आवडतं. तुपाचा वास अंड्यावर मात करतो.

अंडं ओतल्यावर सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटेल. गॅस वाढवायचा मोह इथेच होतो, तो टाळा. लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथण्याने तळ खरवडत, कडेचं अंडं मध्ये आणत सावकाश ढवळा. भराभर ढवळलं तर बारीक, लापशीसारखं होतं. थांबत थांबत ढवळलं तर मोठ्या मऊ गुठळ्या होतात. तळाशी अंडं पटकन धरतंय असं दिसलं की पॅन गॅसवरून उचला, अर्धा मिनिट हवेतच ढवळा आणि पुन्हा ठेवा. एकूण तीन-चार मिनिटं लागतात. गुठळ्या तयार, पण त्यांच्यामध्ये दाटसर चमकदार रस अजून आहे, त्या वेळी गॅस बंद करा आणि थंड बटरचा छोटा तुकडा मिसळा. पॅनमधली उरलेली उष्णता बाकीचं काम करते. लहान मुलं, गर्भवती आणि वयस्कर माणसांसाठी मात्र रस पूर्ण आळेपर्यंत शिजवा.

मऊ फ्रेंच ऑम्लेटला हीच तीन अंडी लागतात, आच मात्र मध्यमपेक्षा थोडी जास्त. बटरचा फेस येऊन ओसरू लागला, पण रंग बदललेला नाही, त्या क्षणी अंडं ओता. हलका आवाज यायला हवा. पॅन हलवत उलथण्याने पंधरा-वीस सेकंद भराभर ढवळा, मग पसरवून हात थांबवा. खालचा पदर धरला आणि वरून ओलसर असलं की गॅस बंद करून दुमडा. सगळं मिळून मिनिटभराचं काम. जास्त रेंगाळलात तर खालून तपकिरी होईल. चवीला तेही वाईट नाही, पण ते आपलं नेहमीचं ऑम्लेट झालं. कांदा-टोमॅटो घालायचाच असेल तर आधी परतून पाणी आटवा आणि दुमडताना आत ठेवा. कच्चा मिसळला तर शिजताना पाणी सोडतो.

पारशी आकुरीतही अंडं असंच ओलसर ठेवतात, फक्त आधी कांदा, मिरची आणि आलं-लसूण परतलेलं असतं. तेवढ्यात पॅन कडकडीत होतो. म्हणून मसाला झाल्यावर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा, मंद आचेवर पुन्हा ठेवा आणि मगच अंडं घाला. कोथिंबीर उतरवल्यावर.