शिफारसपत्र देणाऱ्या सरांना निकालानंतरचा मेल

प्रवेशाचा निकाल लागला की शिफारसपत्र लिहिणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दोन दिवसांत कळवा. नवा मेल न लिहिता शिफारसपत्र मागितलेल्या जुन्या मेललाच उत्तर द्या. नाशिकच्या एकेका कॉलेजात प्राध्यापकांकडे दरवर्षी अनेक विद्यार्थी पत्रं मागतात, त्यामुळे नुसतं नाव वाचून चेहरा आठवेलच असं नाही. जुना मेल खाली असला की तुमची बॅच, प्रोजेक्ट, सगळं समोर येतं.

सगळ्यात जास्त राहून जातो तो पूर्ण निकाल. सरांनी चार ठिकाणी पत्र पाठवलं असेल तर चारही सांगा, नकारासकट. पुढच्या वर्षी कुणाला कुठे अर्ज करायला सांगायचा, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येतं. मजकूर एवढा पुरे:

“सर, नमस्कार. एडिनबरा आणि लीड्समध्ये प्रवेश मिळाला, ग्लासगोचा नकार आला, मँचेस्टरचं अजून कळलेलं नाही. मी एडिनबराला जायचं ठरवलंय, सप्टेंबरपासून. डिसेंबरमध्ये परीक्षेच्या गडबडीतही तुम्ही चारही पत्रं मुदतीआधी पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.”

आभाराचं कारण असं नेमकं हवं; “तुमच्या आशीर्वादाने” एवढ्यावर थांबलं तर मेल कुणालाही पाठवता आला असता असा वाटतो. पत्रात काय लिहिलं होतं हे विचारू नका, ते गोपनीय असतं. त्याच मेलमध्ये स्कॉलरशिपसाठी नवं पत्रही मागू नका, नाहीतर आभार म्हणजे मागणीची प्रस्तावना वाटते. महागडी भेटवस्तू सरांना अवघडून टाकते. सगळीकडे नकार आला तरी मेल पाठवाच. सरांनी कष्ट तेवढेच घेतलेले असतात.