रांजणवाडी की कलेझिऑन? गाठ हाताला काय सांगते

पापणीवर गाठ आली की सरसकट रांजणवाडी म्हटलं जातं. हात धुऊन, डोळा मिटून बोटाने हलकेच चाचपून बघा. केसांच्या अगदी मुळाशी, पापणीच्या कडेवर लाल फुगवटा असेल, नुसता स्पर्श झाला तरी ठणकत असेल आणि दोन-चार दिवसांत टोकाला पिवळा ठिपका दिसला, तर ती रांजणवाडी. हा जंतुसंसर्ग असतो. बहुधा आठवड्याभरात फुटून निवळतो.

कडेपासून जरा आत, वाटाण्यासारखी टणक गाठ, वरची कातडी तिच्यावरून सहज सरकते आणि दाबलं तरी दुखत नाही, असं असेल तर ते कलेझिऑन. तेलग्रंथीचं तोंड बुजून आत तेल साचतं. गाठ आठवडे, कधी महिने राहते.

घोटाळा होतो तो आतल्या रांजणवाडीत, म्हणजे कडेवर न येता पापणीच्या आतल्या बाजूला येते तिच्यात. पहिले चार दिवस पापणी सुजून ठणकते, मग दुखणं थांबतं, पण तीन आठवड्यांनीही गाठ तिथेच. म्हणजे तिचं कलेझिऑन झालं. अशा वेळी उरलेले अँटिबायोटिक थेंब घालत बसू नका, तिथे आता जंतूंचा प्रश्न नसतो.

दोन्हींना शेक लागतो: दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. फडकं दोन मिनिटांत गार होतं, म्हणून पुन्हापुन्हा कोमट पाण्यात बुडवा. गाठ पिळू मात्र नका, संसर्ग पसरतो.

ताप, अख्खी पापणी सुजणं, डोळा हलवताना दुखणं किंवा अंधुक दिसणं असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उतारवयात गाठ त्याच जागी परतपरत येत असेल किंवा तिथले केस गळत असतील, तर तुकडा तपासून घ्यावा लागतो; क्वचित तो कर्करोग असतो.