गारपिटीनंतरचे ७२ तास: द्राक्षबागेचे फोटो विम्यासाठी कसे काढावेत

फेब्रुवारी ते एप्रिल हे गारांचे दिवस, आणि द्राक्षबागेत माल तयार असतो तोही याच काळात. फळपीक विमा घेतला असेल तर फोटो काढण्याच्या गोष्टीआधी एक काम करा. घरातली विम्याची पावती काढून त्यावर गारपिटीचा जादा हप्ता भरलेला आहे का, ते बघा. हवामान आधारित फळपीक विम्यात पाऊस, तापमान, आर्द्रता यांची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते. तिथे तुमच्या बागेचा फोटो कोणी विचारत नाही. गारपिटीचं संरक्षण मात्र वेगळं आणि ऐच्छिक असतं, त्यात प्रत्येक बागेची स्वतंत्र पाहणी होते आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. फोटोचं खरं काम इथे आहे.

गारा पडून गेल्या की दोन-तीन तासांत विरघळतात. फुटलेले मणी दोन-चार दिवसांत कुजायला लागतात, घडात पाणी सुटतं, वास येतो. पाहणीला माणूस येईपर्यंत कधी आठवडा उलटतो, आणि तोवर गारेची जखम कोणती आणि नुसती कूज कोणती, हे सांगणं कठीण होतं. म्हणून फोटोने तीन गोष्टी एकत्र बांधायच्या असतात: हा गट कोणता, ही वेळ कोणती आणि ही जखम कशाची.

जागेपासून सुरुवात करू, कारण चूक सगळ्यात जास्त तिथेच होते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशनचा पर्याय असतो. तो चालू केला की फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. फोनची तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवा. हे दोन्ही आजच करून ठेवा, गारा पडल्यावर हात थरथरत असताना सेटिंग शोधवत नाही. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, वारा-पावसात टॉवर गेला तरी उपग्रह मिळतात. फक्त रेंज नसेल तर वेळ लागतो. ढगांचा त्याला फारसा अडथळा नाही. पत्र्याच्या शेडचा आणि ओल्या पानांनी भरलेल्या मांडवाचा मात्र होतो. त्यामुळे आधी बांधावर मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटं उभं राहा, नकाशा उघडा आणि निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ लहान होऊ द्या. मगच बागेत शिरा.

ही दोन मिनिटं मी एकदा पाळली नाहीत. निफाड तालुक्यात आमच्या दोन बागा आहेत, मध्ये शिवाररस्ता. विमा होता तो रस्त्यापलीकडच्या दोन एकरांचा. साडेचारच्या सुमाराला गारा थांबल्या, मी पॅकिंग शेडमधून तसाच धावत पलीकडे गेलो आणि फोटो काढायला लागलो. रात्री तपशील उघडून पाहिले तेव्हा कळलं की पहिल्या तीन फोटोंवर अक्षांश २०.०८१२ होता आणि पुढच्या सगळ्यांवर २०.०७९६. फरक ०.००१६ चा. आपल्या भागात अक्षांशाचा ०.००१ म्हणजे साधारण १११ मीटर, म्हणजे ते तीन फोटो बागेपासून पावणेदोनशे मीटर लांबच्या शेडचे ठरत होते. फोनने शेडमधलीच जुनी जागा धरून ठेवली होती. आणि गारा पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या त्या नेमक्या त्याच तीन फोटोंत. एक एकर चौकोनी धरलं तर त्याची बाजू जेमतेम ६४ मीटर भरते, तेव्हा पन्नास मीटरची चूकसुद्धा तुम्हाला शेजाऱ्याच्या गटात नेऊन ठेवते.

म्हणून पहिला फोटो काढला की लगेच तपासायचा. गॅलरीत तो फोटो उघडून वर सरकवला किंवा माहितीचं चिन्ह दाबलं की वेळ आणि नकाशा दिसतो. ठिपका आपल्या बागेत पडला तर पुढे जा, नाहीतर थांबून पुन्हा काढा. त्याच वेळी गारा समोर असतात, रात्री नसतात.

आता काय टिपायचं. पहिला फोटो बांधावरून घ्या, त्यात हटणारी नाही अशी एखादी खूण येऊ द्या: विहीर, डीपी, शेततळं, रस्त्याचं वळण. मग जमिनीवरच्या गारांचा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे गारेचा आकार वेगळा सांगावा लागत नाही. त्यानंतर बागेच्या चारही कोपऱ्यांतून आत पाहणारा एकेक आणि मधल्या ओळीतला एक. नुकसान एका बाजूलाच जास्त असेल तर कमी लागलेली बाजूही दाखवा. फक्त वाईट घड निवडून काढलेले फोटो पाहणी करणारा लगेच ओळखतो आणि मग खऱ्या नुकसानीवरही शंका घेतो. शेवटी जवळून: वाऱ्याच्या बाजूचे फुटलेले, दबलेले मणी, फाटलेली पानं आणि काडीवर सोललेली साल. काडीची जखम विसरू नका. मणी कुजून जातात, पण गार लागल्याची खूण सालीवर राहते, आणि ती एकाच बाजूला असते.

तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी त्याच ठिकाणी उभं राहून त्याच ओळीचे फोटो पुन्हा घ्या. कूज किती वाढली ते त्यातून दिसतं. खराब घड काढून टाकायची घाई असते हे मला कळतं, रोग पसरतो. तरी पाहणी होईपर्यंत एक-दोन ओळी न छाटता ठेवा आणि बाकीच्या ओळी साफ करण्याआधी त्यांचे फोटो नक्की घ्या.

फोटो चांगले निघाले आणि पाठवताना वाया गेले, असं फार होतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची नोंद गळून पडते, उरतं ते नुसतं चित्र. कोणी फोटो मागितले तर ते 'डॉक्युमेंट' म्हणून फाइल जोडून पाठवा. स्क्रीनशॉट काढू नका, कापू नका, उजळवू नका. मूळ फाइल फोनमधून पुसू नका, आणि त्याच रात्री मुलाच्या लॅपटॉपवर किंवा मेमरी कार्डवर एक प्रत ठेवा. जागा-वेळ चित्रावरच छापणारं कॅमेरा ॲप वापरलं तर कागदावर छापल्यावरही माहिती दिसते, हा त्याचा फायदा. पण त्यावर येणारं गावाचं नाव कधी शेजारच्या गावाचं असतं, कारण ते नकाशावरून उचललेलं असतं. आकडे बरोबर असतील तर घाबरू नका, अर्जात गट नंबर आणि गाव सातबाऱ्याप्रमाणे लिहा.

फोटो म्हणजे सूचना नव्हे. ७२ तास गार पडल्यापासून मोजले जातात आणि ते क्रॉप इन्शुरन्स ॲपवर किंवा १४४४७ वर नोंद झाली की पाळले गेले असं धरलं जातं. ॲपवर नोंदवताना शक्यतो बागेतच उभं राहा, लोकेशन चालू ठेवा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या. तुमची ई-पीक पाहणी झालेली असेल तर त्या गटावर द्राक्ष आहे याची नोंद आधीच सरकारदरबारी असते. अर्जातलं पीक, गट आणि क्षेत्र तिच्याशी जुळतंय का, ते नोंद करण्याआधी बघून घ्या.

पाहणीला माणूस आला की पहिल्या दिवशीचा फोटो उघडा आणि त्यालाच घेऊन त्याच ओळीत, त्याच जागी उभं राहा. त्याने मोजलेले घड आणि लिहिलेली नुकसानीची टक्केवारी वाचल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नका. सही झाल्यावर त्या कागदाचाही फोटो घ्या, बागेतच.