काचेच्या जगचा मास्क हाताने दुरुस्त केला

राखाडी पार्श्वभूमीवरचा काचेचा जग निळ्या पार्श्वभूमीवर न्यायचा होता. फोटोशॉपच्या Select Subject ने मूठ बरोबर उचलली, पण डावी कड खाल्ली आणि पोटातला राखाडी रंग तसाच ठेवला. साहजिकच आहे. हे टूल कड शोधतं ती रंग-उजेडाच्या फरकावरून आणि वस्तूच्या ओळखीच्या आकारावरून. इथे कडेला फरकच नव्हता. शिवाय काचेच्या पिक्सेलमध्ये काच आणि मागचा रंग दोन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे नुसतं काळं-पांढरं उत्तर चुकणारच.

बाहेरची कड मी पेन टूलने आखली, अर्धा पिक्सेल फेदर दिला. मग याच मास्कखाली जगच्या दोन प्रती ठेवल्या, दोन्ही रंगहीन. एक Screen मोडमध्ये: Levels चा काळा स्लायडर राखाडी पूर्ण काळा होईपर्यंत उजवीकडे, म्हणजे फक्त चमक उरते. दुसरी Multiply मध्ये: पांढरा स्लायडर राखाडी पांढरा होईपर्यंत डावीकडे, म्हणजे गडद कडा उरतात. मूठ जाड असल्याने तिथे मूळ थराचा मास्क मऊ ब्रशने करडा रंगवला.

काचेतून वाकडी दिसणारी पार्श्वभूमी मात्र यातून मिळत नाही. मागे रेघा असतील तर लगेच कळतं. सपाट निळ्यावर खपून गेलं.