‘उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू?’ फॉर्म न दाखवता मदत मागताना या चुका टाळा

दर रविवारी सकाळी लालबागमधल्या आमच्या चाळीच्या मंडळाच्या खोलीत मी लोकांना सरकारी फॉर्म भरून द्यायला बसते. सोबत एक लॅपटॉप असतो, शेजारी झेरॉक्सवाला. तिथे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न फोनवर येतो आणि तो असा असतो : ‘ताई, मुलीचा सरकारी फॉर्म भरायचाय, उत्पन्नात काय लिहू?’ फॉर्म कुठला, त्यातली ओळ काय म्हणते, मुलगी कोणत्या प्रवर्गात मोडते, यातलं काहीच नाही. आणि विचारणाऱ्याला आकडा लगेच हवा असतो, कारण दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख असते.

एकाच घराला या प्रश्नाची तीन-चार वेगवेगळी उत्तरं असू शकतात आणि ती सगळी बरोबर असतात. हेच लोकांच्या ध्यानात येत नाही.

आमच्याच इमारतीतलं एक कुटुंब घ्या. आई राज्य सरकारच्या कार्यालयात लिपिक, गट क मध्ये, वर्षाला पगार 6 लाख 40 हजार. वडिलांचं परळला शिवणकामाचं दुकान, त्यातून 4 लाख 10 हजार. समाज धनगर. मुलगी बारावीत, इंजिनिअरिंगला जायचंय. आरक्षणासाठी लागणाऱ्या दाखल्याबद्दल वडिलांनी चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, ‘नॉन क्रिमिलेयरसाठी उत्पन्न किती चालतं?’ कुणीतरी लिहिलं, ‘8 लाख.’ त्यांनी दोन्ही आकडे मिळवले, साडेदहा लाख झाले, आणि जेईई मेनच्या अर्जात मुलीचा प्रवर्ग सरळ सर्वसाधारण करून टाकला. ग्रुपवरचं उत्तर खोटं नव्हतं. पण ‘हे 8 लाख कशाचे?’ असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी स्वतःहून सांगितलंही नाही.

नॉन क्रिमिलेयरची 8 लाखांची मर्यादा आईवडिलांच्या पगाराला आणि शेतीच्या उत्पन्नाला धरून नसते. ती उरलेल्या उत्पन्नाला असते, म्हणजे धंदा, भाडं, व्याज अशा मार्गांनी आलेल्या पैशाला. शिवाय ती सलग तीन वर्षं ओलांडली तरच मूल क्रिमिलेयरमध्ये, म्हणजे आरक्षणाबाहेर, जातं. सरकारी नोकराच्या बाबतीत पगाराऐवजी पद पाहतात. आई किंवा वडील थेट गट अ मध्ये लागले असतील, किंवा दोघंही गट ब मध्ये असतील, तर मूल क्रिमिलेयरमध्ये जातं. गट क मधल्या आईचा पगार कितीही असो, तो बाजूला राहतो. उरलं दुकान. तीन वर्षांचे आकडे 3 लाख 70 हजार, 3 लाख 90 हजार आणि 4 लाख 10 हजार. मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास. मुलगी नॉन क्रिमिलेयरमध्ये बसते.

सरकारी किंवा त्यासारख्या नोकरीऐवजी आई खासगी कंपनीत असती, तर पगारही तपासला असता, पण स्वतंत्रपणे. पगार आणि दुकान एकत्र करून नव्हे. म्हणून मी आता पहिला प्रश्न असा विचारते : ‘कोण कुठे नोकरीला, कोणत्या पदावर रुजू झाले?’ एकूण आकडा नंतर.

हेच कुटुंब खुल्या प्रवर्गात असतं आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा, म्हणजे ईडब्ल्यूएसचा दाखला काढायला गेलं असतं, तर हिशेब उलटा झाला असता. तिथे मागच्या एका आर्थिक वर्षाचं सगळं उत्पन्न मोजतात, पगार, शेती, धंदा, सगळं. साडेदहा लाख हा आकडा तिथे खराच लागू पडला असता आणि दाखला मिळालाच नसता. मुंबईकरांना तिथे आणखी एक अट आडवी येते. 1000 चौरस फुटांचा किंवा त्याहून मोठा फ्लॅट घरात असेल, तर उत्पन्न कमी असूनही उपयोग होत नाही. आणि तहसीलदाराचा साधा उत्पन्नाचा दाखला मागितला असेल, तर तिथे कुटुंबाचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न येतं. म्हणून तो दाखला पाहून नॉन क्रिमिलेयरचा निकाल स्वतःच लावू नये.

मग फॉर्म हातात नसताना ओळखायचं कसं? शब्दांवरून. ‘मागील सलग तीन वर्षे’ असं कुठे आलं की बहुधा नॉन क्रिमिलेयर. ‘मागील आर्थिक वर्ष’ आणि ‘सर्व मार्गांनी’ एकत्र आलं की ईडब्ल्यूएसकडे बघा. म्हणून मदत मागताना एक ओळ कापून पाठवू नका. त्या रकान्याच्या वरचा मथळा आणि खालची बारीक अक्षरातली टीप, दोन्ही एका फोटोत येऊ द्या. सूचनांचं पान किंवा जाहिरात वेगळी असेल तर तीही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आणि आधारचे पहिले आठ अंक बोटाने झाकून फोटो काढला तरी माझं काम भागतं.

दुसरी मोठी गल्लत प्रवर्गाच्या नावाची. ‘आमचा प्रवर्ग एनटी-सी’ हे त्या वडिलांचं उत्तर राज्याच्या फॉर्मसाठी अचूक आहे. जेईई मेनच्या फॉर्ममध्ये मात्र एनटी-सी नावाचा पर्यायच नाही. केंद्राच्या यादीत धनगर समाज ओबीसीत येतो, त्यामुळे तिथे `OBC-NCL` निवडायचं. पर्याय दिसला नाही की माणूस घाबरून सर्वसाधारण निवडतो, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून ‘प्रवर्ग काय?’ असं विचारल्यावर फक्त अक्षरं सांगू नका. जातीचं नाव सांगा आणि फॉर्म राज्याचा की केंद्राचा तेही सांगा. दाखलेही वेगळे लागतात : केंद्रासाठी केंद्राच्या नमुन्यातला, आणि जेईई मेनसाठी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिलेल्या तारखेनंतर काढलेला. राज्याचा जुना दाखला तिथे चालत नाही.

कार्यालयाचाही घोळ होतो. पत्त्यात ‘मुंबई’ असलं तरी जिल्हे दोन आहेत. माहीम मुंबई शहरात, वांद्रे उपनगरात. सायन शहरात, कुर्ला उपनगरात. आपले सरकारच्या पोर्टलवर जिल्हा चुकला की अर्ज भलत्याच कार्यालयाकडे जातो आणि परत येतो.

माझ्यासारख्या मदत करणाऱ्यांची चूकही सांगितली पाहिजे. मागच्या वर्षीचा फॉर्म आठवून ‘चौथ्या रकान्यात असं लिहा’ म्हणून फोनवर सांगायचं. मीही ते केलंय. रकाने बदलतात, आणि स्वयंघोषणापत्राखाली सही अर्जदाराची असते. आता फॉर्म समोर नसेल तर मी रकान्यांबद्दल बोलतच नाही. त्याऐवजी एका कागदावर चार गोष्टी लिहायला सांगते : आईचा पगार, वडिलांचा धंदा, शेती, भाडं आणि व्याज. प्रत्येकी तीन वर्षांचे आकडे वेगवेगळे, बेरीज न करता. शेजारी नोकरीचं पद आणि गट. हा कागद तयार असला की फॉर्म कुठलाही येवो, लागेल तो आकडा उचलता येतो. बेरीज आधीच केली की तो पुन्हा सुटा करणं कठीण जातं.

त्या मुलीच्या वडिलांनी रविवारी स्क्रीनशॉट आणले तेव्हा जेईई मेनच्या दुरुस्तीची मुदत दोन दिवस उरली होती. प्रवर्ग बदलला, पावती पुन्हा छापून घेतली. राज्याच्या सीईटीचा अर्ज त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर भरला, तिथे एनटी-सी निवडून. आईच्या कार्यालयातून पद आणि गट लिहिलेलं पत्र मागवलं आहे. नॉन क्रिमिलेयरच्या अर्जाला ते जोडायचं आहे.